तीस दिवसांचं चॅलेंज आणि ‘दिवस ११’ ला गायब होणारी माणसं: तुमचे प्रश्न

दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला माझ्याकडे प्रश्नांचा ढीग येतो, कारण १ तारखेला मोठ्या हौसेने ‘३० दिवसांत अमुक शिकणार’ म्हणून सुरू केलेल्या यूट्यूब सिरीजची हवा तोपर्यंत गेलेली असते. गोंधळ प्रत्येकाचा तोच, म्हणून एकत्र उत्तरं देतेय. यावेळी निम्म्याहून जास्त लोक मोडी लिपी शिकणारे निघाले त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत, बासरीवाल्यांनी आणि टायपिंगवाल्यांनी आपापलं बसवून घ्या.

“सिरीज सुरू करायचीय. कॅमेरा कोणता घेऊ? बजेट ४० हजार.”

फोन आहे ना, तोच. कॉलरचा माईक आणि फोन वरून सरळ कागदावर बघेल असा स्टँड एवढंच घ्या, आणि तेही दुकानदाराच्या सांगण्यावरून नाही, कुणाकडे असेल तर एक दिवस मागून रेकॉर्ड करून बघा आणि मग घ्या.

“मी शाळेत मराठी शिकवते. १ तारखेपासून मोडी शिकणार आणि रोज व्हिडिओ टाकणार. पण रोज नवीन काय दाखवू? तेच तेच होऊन लोक कंटाळणार नाहीत का? (सातारा)”

होऊ दे की तेच तेच! मॅडम, बहुतेक सिरीज पडतात त्या रोज नवीन काहीतरी दाखवायच्या नादात पडतात. सोमवारी अक्षरं, मंगळवारी मोडीचा इतिहास, बुधवारी बोरू कसा तासायचा, गुरुवारी ‘आज थोडं मनातलं बोलूया’. बघणाऱ्याला नवव्या दिवशी कळतच नाही की ही बाई पहिल्या दिवसापेक्षा पुढे गेली का नाही. आणि तो परत येतो तो नेमकं तेवढंच बघायला. वजनकाटा रोज बदललात तर वजन उतरलं का वाढलं हे कोण सांगणार?

म्हणून पहिल्या दिवसाच्या आधी एक परीक्षा ठरवायची आणि तीस दिवस तिला हात लावायचा नाही. मोडीत मी दोन ठेवायला सांगते, एक लिहायची आणि एक वाचायची.

लिहायची सोपी आहे. एकच ओळ, रोज, त्याच पेनने, तसल्याच कागदावर, फोन त्याच उंचीवर. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात, त्यामुळे वरून घेतलेल्या शॉटमधे हाताची गती इतकी छान दिसते की काही बोलावंच लागत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक अक्षराला पेन उचलला जातो, अक्षर रेघेच्या वर चढतं, मधेच हात थांबून चार्टकडे जातो. तिसऱ्या आठवड्यात तोच हात तीन-चार अक्षरं न उचलता ओढतो. ओळ निवडताना तिच्यात दुसऱ्या अक्षराला जोडून येणारा र हवा (तो जागेप्रमाणे रूप बदलतो आणि सगळ्यांना छळतो), आणि दोन-तीन शब्द सलग हवेत, कारण मोडीत शब्दांमधे जागा सोडत नाहीत. फार लांब ओळ घेऊ नका, मिनिटभरात संपायला हवी.

वाचायची परीक्षा जरा नाजूक आहे आणि इथेच लोक फसतात. रोज तेच पान वाचलंत तर पाचव्या दिवशी तुम्ही ते वाचत नसता, पाठ म्हणत असता. कॅमेऱ्यावर मस्त दिसतं, प्रगती शून्य, आणि दिवस २० ला कुणीतरी कमेंटमधे दुसरं पान टाकलं की सगळ्यांसमोर फजिती. त्यामुळे ठरलेलं पान फक्त दिवस १, १०, २० आणि ३० ला उघडायचं, मधल्या काळात ते कुणा दुसऱ्याच्या कपाटात राहू दे. रोजसाठी पाच नवीन ओळी. म्हणजे महिन्याच्या दीडशे ओळी झाल्या, आणि त्या तुम्ही निवडायच्या नाहीत, मोडी येणाऱ्या माणसाकडून आधीच काढून घ्यायच्या. एकाच काळातल्या, साधारण सारख्या अवघड. पेशवेकालीन घ्या, अक्षर बऱ्यापैकी रेखीव असतं. मधेच इंग्रजांच्या काळातला टाकाने घाईत लिहिलेला कागद आला की आदल्या दिवशी पाच ओळी वाचणारा माणूस एका ओळीवर अडकतो, आणि प्रेक्षकाला वाटतं हा विसरला, प्रत्यक्षात कागदच अवघड असतो.

मोजायचं काय, तर घड्याळ लावून पाच ओळींना किती वेळ लागला आणि किती ठिकाणी अडकलात. दोनच आकडे, रोज स्क्रीनच्या त्याच कोपऱ्यात, शेजारी पहिल्या दिवसाचे आकडे. ‘आज खूप छान वाटलं’ हा आकडा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अडकलात तो भाग कापू नका. वीस सेकंद तुम्ही एका अक्षराकडे बघत बसलायत, हे म असावं का भ, ओठ हलतायत, मागे जाऊन परत वाचताय, ही वीस सेकंद एडिटर पहिली उडवतो आणि बघणारा नेमका त्यावेळी तुमच्यासोबत वाचत असतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक करत नाहीत, इकार दीर्घच आणि उकार ऱ्हस्वच लिहायचा, त्यामुळे शब्द नुसत्या अक्षरांवरून लागत नाही, संदर्भावरून लावावा लागतो, आणि ते लावायला लोकांना जाम आवडतं. शेवटी दिवसभरात न सुटलेला एक शब्द स्क्रीनवर ठेवून व्हिडिओ थांबवा. उत्तर सांगू नका. दुसऱ्या दिवशी पहिल्या दहा सेकंदात तो शब्द आणि कमेंटमधे कुणी काय लावला ते, मग घड्याळ सुरू. ‘उद्या पुन्हा भेटू’ म्हटल्याने कुणी येत नाही, अर्धा राहिलेला शब्द बघायला येतात.

एक काळजी मात्र घ्या. उत्तर सांगण्याआधी जाणकाराला दाखवा. तुमचं चुकीचं वाचन तीनशे लोक बरोबर समजून पाठ करतील. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथे शिकलेलं कुणीतरी जवळपास असतंच, नसेल तर ज्यांच्याकडून ओळी घेतल्या त्यांनाच विचारा.

“रोज अपलोड केलंच पाहिजे का? नोकरी करून जमत नाहीये.”

नाही. शूटिंग रोज, अपलोड दोन-तीन दिवसांचं मिळून एक चालेल. ठरलेला वार आणि वेळ मात्र बदलू नका, आणि घरच्यांशी आधी बोला, कारण पहाटे साडेपाचला कॅमेरा कुठे लागणार हा प्रश्न शेवटी त्यांचाच असतो.

“२१ दिवसांत सवय लागते म्हणतात, मग ३० कशाला? मी २१ चीच करू का?”

हे २१ कुणी सांगितलं? एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मधे लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ गळाला, चेहरा गळाला, राहिले २१. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बघितलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४. म्हणजे ३० हा आकडापण काही पवित्र नाही, तो कॅलेंडरचा महिना आहे म्हणून सोयीचा, बघणाऱ्याला आज कुठे आहोत हे न सांगता कळतं. तुमचं कौशल्य किती दिवसांत दिसण्याइतकं बदलतं ते त्या विषयाच्या शिक्षकाला विचारून ठरवा, मला नाही.

“मोडीचीच सिरीज आहे. दिवस १ ला ४२०० व्ह्यूज, दिवस ५ ला ९००, दिवस ९ ला फक्त ३१०. व्हिडिओ सगळे साधारण ६ मिनिटांचे. सरासरी बघण्याचा वेळ दिवस १ चा १ मिनिट १० सेकंद, दिवस ९ चा ३ मिनिट ५० सेकंद. परत येणारे प्रेक्षक तीन दिवस २३०-२४० वर अडकलेत. बंद करू का? (नाशिक)”

पहिल्यांदाच कुणीतरी आकडे नीट पाठवले, तुमचं भलं होवो. अजिबात बंद करू नका.

४२०० हे प्रेक्षक नव्हतेच, ती गर्दी होती. ‘३० दिवसांत मोडी’ असं टायटल बघून आत डोकावलेली. सहा मिनिटांतले सत्तर सेकंद म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा बघून गेले. दिवस ९ चे लोक २३० सेकंद बसले, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश व्हिडिओ. माणशी सव्वातीन पट वेळ. आणि त्या ३१० मधले २३०-२४० लोक परत आलेले आहेत, तोच आकडा तीन दिवस हललेला नाही, म्हणजे गळती थांबलीय. तुम्ही त्याला ‘अडकलेत’ म्हणताय, मी म्हणते बसलेत. दिवसांच्या सिरीजचा उतार असाच असतो, पहिल्या आठवड्यात धाडकन खाली आणि मग सपाट. काळजी करायची ती हा परत येणाऱ्यांचा आकडा रोज थोडा थोडा घसरायला लागला तर, व्ह्यूजची नाही.

मात्र दिवस १ मधे तुम्ही नुकसान करून घेतलंय ते दुरुस्त करा, कारण नवीन माणूस आजही बहुतेक त्याच दारातून येतोय. मी तो व्हिडिओ बघितला. पहिली चाळीस सेकंद लोगो फिरतोय, मग नमस्कार मित्रांनो, मग हेमाडपंतांनी मोडी आणली म्हणतात ती गोष्ट. (तीही दंतकथाच, आणि तिचा चॅलेंजशी काय संबंध?) यूट्यूब स्टुडिओमधे त्या व्हिडिओचा रिटेन्शनचा ग्राफ, म्हणजे कुठल्या सेकंदाला किती लोक टिकले तो, उघडा, रेघ तिथेच कोसळलेली दिसेल. आता सोपं आहे. स्टुडिओच्या एडिटरमधे ट्रिम करून ती सुरुवात उडवता येते, लिंक तीच राहते, व्ह्यूज आणि कमेंटही राहतात. सेव्ह करायच्या आधी मूळ फाईल तुमच्याकडे आहे ना बघा, आणि चॅप्टरच्या वेळा टाकल्या असतील तर त्या सरकतील, नव्याने टाका. व्हिडिओ सुरू व्हायला हवा तो तुम्ही पहिली ओळ वाचायला जाता आणि तिसऱ्या अक्षरावर थांबता तिथून.

मग पुढचं दार. दिवस १ च्या शेवटच्या वीस सेकंदांत एंड स्क्रीनवर सिरीजची प्लेलिस्ट लावा. तुम्ही लावलाय चॅनलचा ‘बेस्ट’ व्हिडिओ, तो पुरणपोळीचा आहे. प्लेलिस्ट चढत्या क्रमाने हवी, तुमची उलटी आहे म्हणून माणूस दिवस १ वरून थेट दिवस ९ वर आपटतो. प्लेलिस्टच्या सेटिंगमधे तिला अधिकृत सिरीज म्हणून खूण करायची सोय आहे, तीही करा.

आणि टायटल. ‘मोडी चॅलेंज दिवस ९’ यातून तुम्हाला सोडून कुणाला काय कळतं? त्या दिवशी तुम्ही एका पत्रावरच्या तारखेत चक्रावलात, तिथे साल आकड्यात नव्हतंच, अरबी संख्यावाचक शब्दांत होतं, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, आणि तुम्ही ‘अलफ’ला कुणा माणसाचं नाव समजून पाच मिनिटं शोधत बसलात. अहो, हेच टायटल! ‘पत्रातली तारीख वाचता येईना’, आणि शेवटी बारीक ‘दिवस ९’. प्रत्येक भागाला कुणीतरी पहिल्यांदाच येत असतं, त्याच्यासाठी एक वाक्य आणि पहिल्या दिवसाच्या ओळीशेजारी आजची ओळ, बास, सात-आठ सेकंद. काल काय झालं त्याची उजळणी नको.

हे केल्यावर आठवडाभर थांबा. ग्राफ नीट भरायला दोन-तीन दिवस जातात, दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा सगळं बदलू नका. आणि दिवस १५ ला माझ्याकडे किंवा तुमच्या ओळखीच्या कुणा एडिटरकडे हेच आकडे परत पाठवा.

“दहा हजार सबस्क्रायबर देणारी एजन्सी आहे, तीन हजार रुपये. घेऊ?”

नको. यूट्यूबच्या नियमात बसत नाही आणि विकत आलेला माणूस दिवस २ ला येत नाही.

“माझा मित्र एडिटर आहे, तो म्हणतो चार दिवसांत तीसही भाग शूट कर, टी-शर्ट बदलत जा, मग निवांत रोज एक शेड्यूल कर. सगळे असंच करतात म्हणे. (पिंपरी)”

सगळे करत नाहीत. जे करतात त्यांच्याबद्दल मला बोलायचंच होतं.

आधी एक फरक समजून घ्या. तीस दिवस खरंच शिकलात, रोज शूट केलं आणि नंतर एडिट करून महिनाभराने टाकायला सुरुवात केली, तर काही हरकत नाही, फक्त पहिल्या भागात तसं सांगा. पण चार दिवसांत तीस दिवसांचं नाटक करणं म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी लोक येतायत तीच खोटी विकणं. चव किंवा मत खोटं सांगितलेलं पकडता येत नाही, हाताची प्रगती पकडता येते, आणि तुमचा मित्र विसरतोय की रोज येणारा प्रेक्षक तुमच्या टेबलाकडे तुमच्यापेक्षा जास्त वेळ बघत असतो.

कशावरून कळतं सांगते. शाईची बाटली. बोरूने रोज लिहिणाऱ्याची बाटली महिन्यात उतरते, कडेला शाई सुकते, बोरूचं टोक झिजतं आणि परत तासल्यावर रेघेची जाडी बदलते. चार दिवसांच्या शूटमधे दिवस ३ आणि दिवस २६ ला बाटली तिथल्या तिथे. नखं तेवढीच. खिडकीतलं ऊन रोज त्याच कोनात. वहीच्या डावीकडे पानं साठतच नाहीत. हे झालं बाहेरचं, आणि म्हणाल तर ते सांभाळता येईल. आतलं सांभाळता येत नाही. खरं शिकणं सरळ चढत नाही. साधारण दुसऱ्या आठवड्यात माणूस मागे जातो, कारण आतापर्यंत तो अक्षर न् अक्षर ओळखत होता आणि आता शब्द एका नजरेत वाचायला जातो, म्हणून जास्त चुकतो. वेग वाढतो आणि चुका पण वाढतात. एकदा सुटलेलं अक्षर चार दिवसांनी परत अडतं. खोट्या सिरीजमधे रोज थोडी थोडी सुबक सुधारणा असते, दिवस ८ ला अवघड जोडाक्षर आलं की ते कायमचं आलं. मोडी, तबला, पोहणं, कशातही ज्याने एकदा काही शिकलंय त्याला हे खटकतं, कशामुळे ते सांगता आलं नाही तरी तो यायचा थांबतो.

वर दुसरा घोटाळा. न सुटलेला शब्द शेवटी ठेवायचा आणि कमेंटमधल्या उत्तरांपासून उद्याचा भाग सुरू करायचा असं मी वर म्हटलं ना, ते आधीच शूट केलेल्या भागात होतच नाही. दिवस ७ ला चौदा जण सांगतायत की अहो ते ‘सरकार’ आहे, आणि दिवस ८ ला तुम्ही हसत हसत तोच शब्द परत चुकीचा वाचताय. लोकांना कळतं की इथे आपलं कुणी ऐकत नाहीये. दिवस ११ ला गायब होतात ते असे.

आणि याच्यात कुठे कोर्स किंवा पुस्तक विकायचा विचार असेल तर मग नुसतं वाईट दिसणं राहत नाही, ग्राहकाची दिशाभूल होते. मित्राला नका विचारू, वकिलाला विचारा. ज्यांनी आधीच असं शूट केलंय त्यांनी ते सरळ ‘मोडीचे तीस छोटे धडे’ म्हणून टाकावं. धडे म्हणून लोक बघतील, त्यात काही कमीपणा नाही, ‘दिवस’ हा शब्द तेवढा काढा.

“आजोबांच्या पेटीत मोडी कागद सापडलेत, जमिनीचे वाटतात. चॅलेंजमधे रोज एक वाचून दाखवायची भन्नाट आयडिया आहे ना?”

आयडिया भन्नाट, पण थांबा. त्या कागदांत हद्दी असतात, भाऊबंदांची नावं असतात, कुणी कुणाला काय लिहून दिलं ते असतं. दिवस १२ ला शिकणाऱ्याने चुकीचं वाचून कॅमेऱ्यावर म्हटलं की हा मळा आमच्या पणजोबांचा, आणि चुलतभावाने ते बघितलं, तर पुढचे तीस दिवस कोर्टात. आधी कागदांचे फोटो काढा, प्लास्टिक लॅमिनेशन करू नका, जाणकार मोडीवाचकाकडून लिप्यंतर करून घ्या आणि ते वकिलाला दाखवा. त्यांनी हरकत नाही म्हटलं तर नावं झाकून दाखवा. तोपर्यंत छापील पुस्तकातले उतारे. सरकारी दप्तरखान्यातल्या कागदांचंही तेच, तिथे परवानगीशिवाय फोटो काढून व्हिडिओत टाकू नका.

“शॉर्ट्स की मोठे व्हिडिओ?”

दोन्ही, पण कामं वेगळी. शॉर्टमधे एकच ओळ, दिवस १ चा हात आणि आजचा हात, त्याखाली संबंधित व्हिडिओची लिंक. ते माणूस ओढून आणतं, थांबवत नाही. थांबवतो तो पाच-सहा मिनिटांचा भाग, कारण अडकणं दाखवायला वेळ लागतो. शॉर्ट्स तीन मिनिटांपर्यंत चालतात हे ऐकून अख्खा भागच त्यात कोंबू नका. वेळ एकालाच असेल तर मोठा करा.

“ताप आला, चार दिवस गेले. आता दिवस १३ म्हणून टाकू की १७?”

१३. सरावाचे दिवस मोजा, कॅलेंडरचे नाही. आजारी होते असं एका वाक्यात सांगा आणि लगेच घड्याळ लावा, चार दिवसांत किती विसरलं ते बघणं हा त्या भागाचा खरा माल आहे. ताप परत आला तर व्हिडिओ नको, डॉक्टर.

“एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी पैसे देऊ केलेत. अट एकच, दिवस ३० ला ‘फक्त यांच्या कोर्सने एका महिन्यात अस्खलित मोडी’ असं म्हणायचं.”

दिवस ५ ला दिवस ३० चं वाक्य लिहून देणाऱ्याला तुमची प्रगती नकोय, तोंड हवंय. अस्खलित वगैरे एका महिन्यात होत नाही. मन लावून केलं तर छापील नमुने आणि रेखीव पेशवेकालीन पत्रं अडखळत वाचता येतात. कुठलाही कागद समोर ठेवला की वाचणं ही वर्षांची गोष्ट आहे. जाहिरात घ्यायचीच असेल तर ‘कोर्स वापरतेय, आकडे रोज समोर आहेत, तुम्हीच ठरवा’ एवढंच म्हणायची अट घाला, ऐकलं तर ठीक. यूट्यूबला पेड प्रमोशनची खूण करा आणि व्हिडिओतही स्पष्ट सांगा की पैसे घेतलेत. हे जाहिरातीच्या नियमांत आहे, तुमच्या मर्जीवर नाही, आणि फुकट मिळालेला कोर्सही त्यात येतो. कराराची सही करण्याआधी वकील, पैसे आल्यावर सीए. ‘आजच कळवा नाहीतर दुसऱ्याला देऊ’ असा फोन आला तर देऊ दे दुसऱ्याला.

“मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याचं ‘३० दिवसांत तबला’ करायचंय. लोक लहान मुलांचं आवडीने बघतात.”

बघतात, तोच प्रॉब्लेम आहे. मोठा माणूस सगळ्यांसमोर चुकायचं स्वतः ठरवतो, नऊ वर्षांच्या मुलाचं तुम्ही ठरवताय. शिवाय व्हिडिओ मुलांसाठी म्हणून नोंदवला की कमेंट आणि एंड स्क्रीन बंद होतात, म्हणजे वर सांगितलेलं निम्मं चालतच नाही. रोज रेकॉर्ड जरूर करा, घरच्या फोनमधे ठेवा, गुरुजींना आठवड्याने दाखवा. पब्लिक करायचं का हे त्यांना विचारा आणि मुलालाही, पण व्ह्यूजचं आमिष न दाखवता. तीस दिवसांत तबला हे गुरुजी ऐकून काय म्हणतात तेही कळवा मला.

“उद्या दिवस ३०. खरं सांगायचं तर पाच ओळींना अजून चार मिनिटं लागतात, सात ठिकाणी अडकते. पहिल्या दिवशी एक ओळपण झाली नव्हती. शेवटचा भाग फुसका होणार, काय करू?”

फुसका कसा? ते कपाटातलं पान काढा, दिवस १ चं. मधे काही न कापता वाचा, अडकाल तिथे अडका. शेजारी दिवस १ चा तोच शॉट लावा, आवाज बंद ठेवून, म्हणजे डावीकडे बाई तिसऱ्या अक्षरावर थांबलेली आणि उजवीकडे खाली सरकतेय. लिहायच्या तीस ओळी एकाखाली एक चिकटवून एक मोठा कागद करा आणि वरून हळूहळू शूट करा. संगीत नको, बोरूचा आवाज असेल तर तो ठेवा. अडकलेली सात ठिकाणं नावानिशी सांगा, त्यातली किती दिवस १० लाही होती ते दाखवा, आणि हा भाग टाकायच्या आधी ज्यांनी ओळी दिल्या त्यांच्याकडून वाचन तपासून घ्या, यावेळी सगळ्यात जास्त लोक बघणार आहेत. पुढची सिरीज याच भागात जाहीर करू नका. आठ दिवस कमेंट वाचा, लोक कुठल्या कागदाबद्दल विचारतायत ते लिहून काढा, मग बोलू.